लॉग घेऊन रेषा बसवली, पण उत्तर पटत नाही. भार द्यायचे तर नॉर्मल समीकरणांत नेमकं काय बदलतं?

अनुरेखा

कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होताना दर २० सेकंदांनी व्होल्टेज टिपलं आहे. वाचनं अशी:

t = ० से.: १०.० व्होल्ट
t = २० से.: ३.७
t = ४० से.: १.४
t = ६० से.: ०.३

सूत्र `V = A·exp(−t/τ)`. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घेतला की सरळ रेषा मिळते, तिला नेहमीची किमान वर्ग पद्धत लावली. उत्तर आलं τ = १७.४ सेकंद आणि A = ११.१ व्होल्ट. रेझिस्टर १ मेगाओमचा आणि कपॅसिटर २२ मायक्रोफॅरडचा आहे, म्हणजे २२ सेकंद यायला हवे होते.

मोजमापांची विश्वासार्हता कमी-जास्त असेल तर भार द्यावे लागतात, इतकं माहीत आहे. पण इथे मीटर एकच आहे, सगळीकडे साधारण ०.१ व्होल्ट इकडे-तिकडे होतं. म्हणजे चारही वाचनं सारख्याच भरवशाची. मग भार देण्याचा प्रश्न येतोच कुठे? की चूक दुसरीकडेच आहे?

---

पायथा

शेवटचं वाचन खराब आहे, ते काढून टाका. पहिल्या तीन बिंदूंवर रेषा बसवली की τ = २०.३ येतो. भारांच्या भानगडीत पडायची गरज नाही.

---

मोजपट्टी

पायथा, तुमचा संशय योग्य बिंदूवर आहे, उपाय मात्र घाईचा आहे. बिंदू काढणं म्हणजे त्याला शून्य भार देणं. तो शून्यच का, आणि १.४ च्या वाचनाला पूर्ण एक का, याचं उत्तर त्यात मिळत नाही. उद्या ८० सेकंदांचं वाचन आलं तर रेघ कुठे मारणार?

अनुरेखा, चारही वाचनं सारख्या भरवशाची आहेत हे तुमचं म्हणणं व्होल्टसाठी खरं आहे. पण रेषा तुम्ही व्होल्टला बसवलेली नाही, व्होल्टच्या लॉगला बसवली आहे. तिथे काय होतं ते आकडे घालूनच पाहा. १०.० मध्ये ०.१ ची चूक झाली तर ln ९.९ ते ln १०.१ एवढीच हालचाल होते, म्हणजे मधल्या किमतीपासून ०.०१ इकडे-तिकडे. तीच ०.१ ची चूक ०.३ मध्ये झाली तर ln ०.२ = −१.६१ पासून ln ०.४ = −०.९२ पर्यंत झोका जातो, म्हणजे ढोबळमानाने ०.३५ इकडे-तिकडे. एकाच मीटरची एकच चूक, पण लॉग घेतल्यावर शेवटच्या बिंदूची अनिश्चितता पहिल्याच्या तीस-पस्तीसपट झाली. मोजमापं सारखी होती, ती असमान तुम्ही लॉग घेऊन केलीत.

नियम सोपा आहे. V मधली चूक σ असेल तर ln V मधली चूक सुमारे σ/V. भार म्हणजे चुकीच्या वर्गाचा व्यस्तांक, म्हणून `w = V²/σ²`. σ सगळीकडे सारखा असल्याने उत्तर काढण्यापुरता तो वगळला तरी चालतो, आणि मग भार येतात १००, १३.६९, १.९६ आणि ०.०९. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूच्या भारात अकराशेपटीहून जास्त फरक आहे. साध्या पद्धतीत तुम्ही हे दोघे एका पंगतीला बसवले. शिवाय शेवटचा बिंदू टोकाला असल्याने उतार ठरवण्यात त्याचा आवाज मुळातच मोठा.

आता नॉर्मल समीकरणं. हिशेब हलका व्हावा म्हणून u = t/२० घेतो, म्हणजे u = ०, १, २, ३. रेषा `y = a + b·u`, इथे y = ln V. साध्या पद्धतीत आपण चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करतो आणि मिळतं:

```
n·a   + Σu·b  = Σy
Σu·a  + Σu²·b = Σu·y
```

भारित पद्धतीत प्रत्येक वर्गाला त्याचा w गुणून मग बेरीज किमान करायची. a आणि b च्या सापेक्ष अवकलन केलं की तो w प्रत्येक पदात तसाच टिकून राहतो:

```
Σw·a   + Σwu·b  = Σwy
Σwu·a  + Σwu²·b = Σwuy
```

मॅट्रिक्सच्या भाषेत `XᵀX β = Xᵀy` ऐवजी `XᵀWX β = XᵀWy`. बदल एवढाच. लोक चुकतात ते n च्या जागी. तिथे बिंदूंची संख्या ४ तशीच ठेवतात आणि बाकीच्या बेरजांत w घालतात. n ही सुद्धा एक बेरीजच होती, चार एकांची. तिची जागा Σw घेते.

तुमचे आकडे घालून: Σw = ११५.७४, Σwu = १७.८८, Σwu² = २२.३४, Σwy = २४८.७२१, Σwuy = १८.९०५.

निश्चयक ११५.७४ × २२.३४ − १७.८८² = २२६५.९४.
b = (११५.७४ × १८.९०५ − १७.८८ × २४८.७२१) / २२६५.९४ = −०.९९७.
a = (२२.३४ × २४८.७२१ − १७.८८ × १८.९०५) / २२६५.९४ = २.३०३.

म्हणजे τ = २०/०.९९७ = २०.०६ सेकंद आणि A = १०.००४ व्होल्ट.

खरं तर तुमच्या पहिल्या उत्तरातच चूक दिसत होती. A = ११.१ म्हणजे रेषा t = ० ला मोजलेल्या १०.० पासून १.१ व्होल्ट दूर जाते, आणि मीटरची चूक ०.१ ची आहे. अकरापट. जो बिंदू सगळ्यात भरवशाचा, त्यालाच रेषेने सोडलं. लॉगच्या आलेखावर ही फारकत फक्त ०.११ दिसते, म्हणून डोळ्यांना खटकत नाही. रेषा बसवल्यावर एकदा मूळ एककात परत येऊन अंतरं पाहावीत, ती यासाठी.

---

तारजोड

२२ ऐवजी कमी येण्याचं कारण मीटर आहे, आकडेमोड नाही. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओम असतो आणि तो तुमच्या १ मेगाओमला समांतर जोडला जातो. परिणामी रोध ०.९०९ मेगाओम, गुणिले २२ मायक्रोफॅरड = २० सेकंद. रेषेत दोष नाही, जोडणी बघा.

---

मोजपट्टी

तारजोड, २२ चे २० का झाले याचं तुमचं स्पष्टीकरण मला पटतं. पण प्रश्न वेगळा आहे. मीटरचा रोध वाचनांत आधीच मिसळलेला आहे. त्याच चार वाचनांतून एका पद्धतीने १७.४ आणि दुसरीने २०.०६ निघतात, तो फरक जोडणी बदलून जाणार नाही. उलट भार न देता बसला असतात तर १७.४ चं कारण शोधत तुम्ही रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही बदलले असते.

एक सावधगिरी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेली किंमत २० टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकते. २०.० आणि २०.०६ जुळले म्हणून तुमचा अंदाज सिद्ध झाला असं धरू नका. कपॅसिटर वेगळा मोजावा लागेल.

---

तलमापक

आमच्या लेव्हलिंगमध्ये हे रोजचं आहे. एका बिंदूची उंची दोन मार्गांनी आणली: २ किमीच्या मार्गाने १२.३४० मीटर, ८ किमीच्या मार्गाने १२.३७० मीटर. प्रत्येक सेटअपची थोडी-थोडी चूक साठत जाते, म्हणून चुकीचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि भार १/अंतर. म्हणजे ४ : १. उत्तर (४ × १२.३४० + १२.३७०)/५ = १२.३४६. साधी सरासरी १२.३५५ आली असती.

मग इथेही तसंच का नाही? जास्त वेळ गेला तर भार कमी, १/t घ्या.

---

मोजपट्टी

तुमचं उदाहरण नॉर्मल समीकरणाचं सगळ्यात छोटं रूप आहे. अज्ञात एकच असलं की `Σw·h = Σwy` उरतं, आणि तीच भारित सरासरी. पण १/t इथे लागू नाही. लेव्हलिंगमध्ये चूक अंतराबरोबर साठते म्हणून १/अंतर आलं. इथे मीटर प्रत्येक वाचन नव्याने घेतो, आधीची चूक पुढच्यात जात नाही. शिवाय १/t घेतलं तर t = ० ला भार अनंत होतो. भाराचं सूत्र दुसऱ्या कामातून उचलू नये. चूक कशी निर्माण होते ते पाहून ते ठरवावं. तेच वाचन चार वेळा घेऊन सरासरी काढली असती तर भार चौपट झाला असता, कारण सरासरीच्या चुकीचा वर्ग चौथ्या हिश्श्यावर येतो. तेही चार वाचनं खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच.

---

अनुरेखा

सूत्र समजलं, पण स्प्रेडशीटमध्ये करताना घोळ झाला. कुठेतरी वाचलं होतं की y आणि u दोन्हीला √w ने गुणा आणि मग नेहमीची रेषा बसवा. तसं केलं. √w = १०, ३.७, १.४, ०.३. उत्तर आलं τ = ५.२७ सेकंद! काहीतरी मोठं हुकलं आहे.

---

सुमेधा_क

√w ची युक्ती बरोबर आहे, पण तुम्ही तीनऐवजी दोनच स्तंभ गुणलेत. रेषेत तिसरा स्तंभ लपलेला असतो, a च्या पुढचा १. त्यालाही √w ने गुणावं लागतं, म्हणजे तो १०, ३.७, १.४, ०.३ असा होतो. मग हा स्तंभ आणि √w·u अशी दोन चलं देऊन स्थिरांक बंद करून बसवा. स्प्रेडशीट स्वतःचा स्थिरांक जोडते तेव्हा ती १ चा स्तंभ न गुणता वापरते, आणि ते वेगळंच समीकरण होतं. `LINEST` मध्ये तिसरा आर्ग्युमेंट `FALSE` द्या.

पायथॉनमध्ये करायचं असेल तर सरळ नॉर्मल समीकरणंच लिहा, लपायला जागा राहत नाही:

```python
import numpy as np
t = np.array([0, 20, 40, 60.])
V = np.array([10.0, 3.7, 1.4, 0.3])
y, w = np.log(V), (V/0.1)**2
X = np.column_stack([np.ones(4), t])
N = X.T @ (w[:, None]*X)
b = np.linalg.solve(N, X.T @ (w*y))
C = np.linalg.inv(N)
print(-1/b[1], np.exp(b[0]), np.sqrt(np.diag(C)))
```

`np.polyfit` वापरणार असाल तर एक खड्डा आहे. त्याचा `w` वर्ग करण्याआधीच्या फरकाला गुणला जातो, म्हणून तिथे 1/σ द्यायचा, 1/σ² नाही. R च्या `lm` मध्ये नेमकं उलट, तिथे `weights` म्हणजे 1/σ². तुमच्या आकड्यांवर `polyfit` ला चुकून 1/σ² दिलं तर प्रत्यक्षात V⁴ च्या प्रमाणात भार लागतात. तरीही τ येतो २०.१, आणि माणूस निर्धास्त होतो. पण `cov='unscaled'` ठेवून अनिश्चितता मागितली तर ती ०.०१४ सेकंद सांगते. योग्य भारांनी ती ०.४५ आहे. तीसपट खोटा आत्मविश्वास, आणि मुख्य उत्तराकडे पाहून तो कधीच पकडता येत नाही.

---

पायथा

०.४५ कुठून आलं? मोजपट्टींनी तर म्हटलं की σ वगळला तरी चालतो.

---

सुमेधा_क

उत्तर काढायला चालतो, अनिश्चितता काढायला नाही. सगळ्या भारांना एकाच संख्येने गुणलं तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ती संख्या येते आणि कटते, म्हणून a आणि b हलत नाहीत. पण अनिश्चितता `(XᵀWX)⁻¹` मधून येते, तिथे काहीच कटत नाही. b च्या चुकीचा वर्ग = σ² × Σw/निश्चयक = ०.०१ × ११५.७४/२२६५.९४ = ०.०००५११, वर्गमूळ ०.०२२६. τ मध्ये नेलं की ०.४५ सेकंद. म्हणून २०.१ ± ०.५ असं लिहावं, २०.०६ चा शेवटचा अंक दाखवण्यात अर्थ नाही.

σ खात्रीने माहीत नसेल तर काही प्रोग्राम उरलेल्या फरकांवरून त्याचा अंदाज घेऊन मॅट्रिक्सला गुणतात. `polyfit` मध्ये `cov=True` दिलं की तसंच होतं, `curve_fit` मध्ये `absolute_sigma=False` हे मूळचंच आहे. चार बिंदू आणि दोन अज्ञातं असताना हा अंदाज दोनच मोकळ्या फरकांवर टेकलेला असतो. मी तरी इथे मीटरचा ०.१ च वापरेन.

---

निरीक्षक

भार मोजलेल्या V वरून काढलेत, तिथे एक सूक्ष्म खोट राहते. ०.३ हे वाचन चुकून खाली आलं असेल, तर त्याच चुकीमुळे त्याचा भारही कमी झाला. वर गेलेल्या वाचनाचा भार वाढतो. म्हणजे चूक आणि भार हातात हात घालून चालतात आणि उत्तर एका बाजूला झुकतं. भार बसवलेल्या रेषेवरच्या V वरून घ्यावेत. रेषा शेवटच्या बिंदूला ०.५०३ व्होल्ट सांगते, तिथला भार ०.०९ नाही, ०.२५ हवा.

पण तेवढ्याने भागत नाही, कारण ०.३ ± ०.१ वर σ/V हे सूत्रच ढिलं पडतं. मोजपट्टींनी वर दिलेला झोका पाहा: खाली ०.४१ आणि वर ०.२९. लॉग वाकलेला आहे. म्हणून ln V च्या जागी `ln V₀ + (V − V₀)/V₀` घ्यायचं, V₀ म्हणजे रेषेवरची किंमत. शेवटच्या बिंदूसाठी −१.२०४ ऐवजी −१.०९१ येतं. हे y आणि नवे भार घालून तीच दोन नॉर्मल समीकरणं पुन्हा सोडवा. एका फेरीत τ = १९.९ येतो आणि पुढे फारसा हलत नाही. हीच मूळ घातांकी वक्राला व्होल्टमध्ये, सारख्या भारांनी, थेट बसवण्याची गाउस-न्यूटन पद्धत आहे. लॉगमध्ये लागणारे V² चे भार म्हणजे व्होल्टमधल्या सारख्या भारांचंच दुसरं रूप, हे इथे उघडं पडतं.

१९.९ आणि २०.०६ मधला फरक ०.४५ च्या पुढे नगण्य आहे. या आकड्यांसाठी फेऱ्यांनी काही बदलत नाही. पण शेपटीकडे ०.३ सारखी दहा वाचनं असती तर बदललं असतं.

आणि वेळेची चूक? सुरुवातीला व्होल्टेज सेकंदाला अर्धा व्होल्ट घसरतं. घड्याळ बघण्यात ०.२ सेकंद चुकले की तिथे ०.१ व्होल्ट गेले. तसं असेल तर लॉगमधला चुकीचा वर्ग `(0.1/V)² + (0.2/20)²` होईल आणि पहिल्या बिंदूचा भार निम्मा होईल.

---

अनुरेखा

पहिलं वाचन स्विच उघडण्याआधी स्थिर असताना घेतलं होतं, त्यामुळे तिथे वेळेचा प्रश्न नाही. बाकीच्यांना लागू पडतो. २० सेकंदांच्या बिंदूला हिशेब केला: ०.१/३.७ = ०.०२७, त्यात ०.०१ वर्गाने मिसळला की ०.०२९. थोडाच फरक.

८० आणि १०० सेकंदांचीही वाचनं आहेत, पण ०.२ आणि ०.०. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून शेवटचं टाकलं होतं, आणि मग दोन्हीही वगळली. ती घेऊ का?

---

निरीक्षक

लॉगमध्ये नको, थेट व्होल्टमध्ये घ्या. शून्य किंवा ऋण वाचन टाकून बाकीची ठेवली तर शेपटीत फक्त चुकून वर गेलेली वाचनं उरतात, रेषा तिथे उचलली जाते आणि τ फुगतो. थेट वक्र बसवताना ०.० हे इतर कुठल्याही वाचनासारखंच वाचन आहे.

---

तलमापक

मीटरचं शून्यच सरकलेलं असेल तर? लेव्हलिंगमध्ये स्टाफचा, म्हणजे उंची वाचायच्या पट्टीचा, तळ झिजलेला असला की सगळीच वाचनं एका दिशेने चुकतात.

---

मोजपट्टी

मग भार कितीही नेटके दिले तरी उपयोग नाही. कर्णावर 1/σ² मांडलेला W असं गृहीत धरतो की एका वाचनाच्या चुकीचा दुसऱ्याशी संबंध नाही. शून्य सरकलं की सगळ्या चुका एकमेकींना बांधलेल्या असतात. तेव्हा W कर्णापुरता राहत नाही, पूर्ण सहप्रसरण मॅट्रिक्सचा व्यस्त घ्यावा लागतो. ऐटकेन यांनी १९३५ साली मांडलेलं रूप ते हेच. किंवा तिसरा अज्ञात धरून `V = A·exp(−t/τ) + c` बसवा. दुसरा मार्ग समजायला सोपा आहे, पण चार बिंदूंवर तीन अज्ञातं म्हणजे तपासायला एकच फरक उरतो.

सध्याच्या रेषेवर लॉगमधला प्रत्येक फरक त्याच्या σ ने भागून वर्गांची बेरीज केली तर २.५५ येते. दोन मोकळ्या फरकांसाठी ती अजिबात वावगी नाही. पण त्यातले २.४० एकट्या शेवटच्या बिंदूचे आहेत. तो योगायोगाने दीड σ खाली आला, की मीटर ०.१-०.२ खाली दाखवतो, हे चार आकड्यांवरून सांगता येणार नाही. ८० सेकंदांना रेषा ०.१९ सांगते आणि तुम्ही ०.२ वाचलं, म्हणजे तो बिंदू शून्य सरकल्याच्या विरुद्ध बोलतो. १०० ला ०.०७ अपेक्षित आहे, ०.० त्याच्याशी जुळतं.

---

पायथा

म्हणजे ६० चं वाचन एकटंच खाली आहे. मी अजूनही ते काढूनच टाकेन.

---

मोजपट्टी

सहा बिंदू थेट व्होल्टमध्ये बसवून मग बघा. दीड σ चा फरक सहा वाचनांत एखाद्याला सहज असू शकतो, तेवढ्यावर मी तरी काढणार नाही.

अनुरेखा, मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते टिपा, आणि कपॅसिटर दहा मिनिटं रिकामा होऊ देऊन एकदा वाचा. ते दोन आकडे इथे टाका.